तो मीच आहे!

शुक्रवारी दुपारी मोबाईलवर निरोप आला. तुमचं पेज दुसऱ्या कोणाचं तरी सोंग घेऊन चालवलं जात असल्याचं आम्हाला आढळलं, सबब ते बंद करण्यात आलं आहे. दुसरा म्हणजे कोण, ते लिहिलं नव्हतं. मी उठून ट्रायल रूममधल्या आरशासमोर उभा राहिलो. या आरशात माणूस जरा बारीक दिसतो, गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी मी तो मुद्दाम शोधून आणलाय. पण त्यातसुद्धा मी दुसरा कोणी वाटलो नाही. बारीक झालेला मीच होतो.

दुकान दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात आहे. हमद विमानतळ २०१४ साली सुरू झाला आणि प्रवासी तिकडे गेले. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी पाहुणे मावेनात म्हणून जुना पुन्हा झाडूनपुसून उघडला. मेट्रोच्या स्टेशनावरही ‘अल मतार अल कदीम’, म्हणजे जुना विमानतळच लिहिलंय. आमच्या गल्लीत एक केरळी कॅफेटेरिया, एक सलून, एक मोबाईल दुरुस्तीवाला, एक टायपिंग सेंटर आणि मी. मी म्हणजे ‘न्यू पूना टेलर्स’. ब्लाउज, फॉल-पिको, पंजाबी ड्रेस, ऑल्टरेशन आणि गणपतीच्या आधी शिवलेल्या नऊवारी. शिवलेली नऊवारी हा आमचा हातखंडा. मंडळातल्या बायकांना लेझीम खेळायचं असतं, नऊवारी नेसता येत नसते आणि नेसवणारी आजी साताऱ्यात असते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यामुळे माझं घर चालतं.

आणि ही सगळी गिऱ्हाइकं फेसबुकच्या पेजवरून येतात. भर उन्हाळ्यात ४५ अंशांत दुकानाच्या काचेतला पुतळा बघायला कोण बाई रस्त्यावर थांबणार? ती गारव्यात बसून पेज बघते, फोटोखाली ‘प्राइस?’ एवढंच लिहिते आणि मी ‘इनबॉक्स प्लीज’ म्हणतो. का म्हणतो ते मलाही माहीत नाही, सगळेच म्हणतात. पेज गेलं म्हणजे माझ्या दृष्टीने दुकानाचं शटरच खाली आलं, भाडं मात्र चालू राहिलं.

सगळ्यात आधी इचलकरंजीला फोन केला. आमचे अप्पा पंचायत समितीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. अर्ज, विनंती, स्मरणपत्र, या विषयांत त्यांना आव्हान देणारा माणूस अख्ख्या हातकणंगले तालुक्यात नाही. मी सगळं सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

“तू पुण्यात कधी राहिला होतास?”

“नाही.”

“मग पूना टेलर्स कसा?”

“अप्पा, नाव आधीच्या मालकाने ठेवलेलं.”

“तो पुण्याचा होता?”

“तो तिरुनेलवेलीचा होता.”

अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तसं बघितलं तर कंपनीच्या म्हणण्यात तथ्य आहे.”

जन्मदात्याने विरुद्ध पक्षाची बाजू घेतल्यावर माणसाला जे वाटतं ते मला वाटलं. पण अप्पांच्या आतला लिपिक जागा झाला होता. “कागद घे,” ते म्हणाले, आणि मजकूर सांगायला सुरुवात केली.

“प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी. विषय : दुकानाचे पान पूर्ववत करणेबाबत. संदर्भ : आपला मोबाईल निरोप. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा इचलकरंजी येथील कायमचा रहिवासी असून उदरनिर्वाहार्थ परदेशी वास्तव्यास आहे. अर्जदाराच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून शिवणकाम असून...” 

“अप्पा, तुम्ही तर लिपिक होता.”

“तुझे आजोबा शिवत होते. मध्ये एक पिढी नोकरीत गेली, एवढं कंपनीला कशाला सांगायचं?”

पुढे त्यांनी सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचं प्रकरण घातलं. १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेब गेले आणि मग एक इसम ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. पुढे १७७६ साली त्याने कोकणात चांगलं बंड माजवलं. शेवटी त्याला देहदंड झाला. पण अप्पांचा मुद्दा असा, की त्यालासुद्धा पंचांपुढे उभं केलं होतं, भाऊसाहेबांना ओळखणाऱ्यांना विचारलं होतं, चौकशी झाली होती. “खऱ्या तोतयाला पेशवाईत जी संधी मिळाली ती माझ्या मुलाला मिळू नये, हे खेदजनक आहे, असं लिही.” मी लिहिलं. अर्जाच्या शेवटी ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ करून खाली जिल्हाधिकारी, कोल्हापूर यांचं नाव टाकायला सांगितलं. कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा काय संबंध, असं विचारल्यावर अप्पा म्हणाले, “प्रत दिली की वरचा घाबरतो.”

हा अर्ज मी भाच्याला पाठवला. भाचा हिंजवडीत असतो आणि घरात कोणाचाही मोबाईल अडला की त्याला उठवायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

“मामा, हे कुठे पाठवणार आहेस?”

“कंपनीला.”

“कंपनीला पत्र पाठवता येत नाही. त्या निरोपाच्या खाली ‘निर्णय मान्य नाही’ असं बटण असेल. ते दाब. मग एक चौकोन येईल. त्यात मावेल तेवढंच लिहायचं.”

बटण होतं. चौकोनही आला. अप्पांचा अर्ज त्यात ‘उदरनिर्वाहार्थ’पर्यंत मावला. खाली ओळखपत्र जोडायला सांगितलं होतं. इथल्या रहिवासी कार्डाला आम्ही सगळे बताका म्हणतो. त्याचा फोटो काढला तर प्लॅस्टिकवर ट्यूबलाइट चमकून माझ्या तोंडाच्या जागी प्रकाशाचा गोळा आला, अगदी संत झालो होतो. परत काढला, तर एक कोपरा कापला गेला. चारही कोपरे दिसलेच पाहिजेत अशी अट. शेवटी मास्टरने काळ्या अस्तराचा तुकडा कटिंगच्या टेबलावर पसरला, त्यावर कार्ड ठेवलं आणि दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात फोटो काढला. आमचे मास्टर मुर्शिदाबादचे. आयुष्यभर काळ्या कापडावर पांढऱ्या खडूने काम केल्यामुळे कुठे काय उठून दिसतं, हे त्यांना बरोबर कळतं.

मग चेहऱ्याचा व्हिडिओ. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वर बघा. मी बघत असतानाच एक बाई ब्लाउज न्यायला आल्या. टेलर भिंतीकडे तोंड करून मान हळूहळू फिरवतोय, हे बघून त्या दारातच थांबल्या. “काका, मानेचं दुखणं आहे का? माझ्या सासूबाईंनाही आहे.” व्हिडिओत त्यांच्या सासूबाईंचं सगळं औषधपाणी आलं.

अपील पाठवलं. समोरचा करक चहा निवायच्या आत उत्तर आलं: आम्ही तुमची माहिती काळजीपूर्वक तपासली, निर्णय कायम आहे.

भाच्याला पुन्हा उठवलं. त्याने विचार करून जे सांगितलं ते मला आधी वकिली वाटलं, पण नंतर पटलं. “मामा, तू पुरावा कशाचा दिलास? की तू तू आहेस. त्याबद्दल कोणाची तक्रारच नाहीये. त्यांचं म्हणणं, तुझं दुकान ते दुकान नाही. बताक्यावर दुकानाचं नाव कुठंय?”

म्हणजे एवढी मान वळवली ती फुकट. दुकान हे दुकान आहे असं सांगणारा सरकारी कागद हवा, त्यावरचं नाव पेजच्या नावाशी अक्षरन्‌ अक्षर जुळायला हवं, आणि पेज चालवणाऱ्या माणसाचा त्या दुकानाशी संबंध त्याच कागदात दिसायला हवा. आम्हाला वाटलं, यात काय मोठंसं! कतारात दुकान चालवणाऱ्या माणसाकडे कपड्यांपेक्षा कागद जास्त असतात.

पहिला कागद वीजबिलाचा. इथलं बिल कहरमाचं. ते निघालं इमारतीच्या मालकाच्या नावावर. ते जोडलं असतं तर मी घरमालकाचंही सोंग घेतो असं ठरलं असतं. दुसरा पत्ता. प्रत्येक इमारतीवर निळी पाटी असते, तिच्यावर झोन, रस्ता आणि इमारत यांचे आकडे असतात. आमचा झोन ४५. पण फॉर्मला झोन नको होता, पिनकोड हवा होता, आणि कतारात पिनकोडच नाही. रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नाही. मी इचलकरंजीचा टाकला. भाचा फोनवर ओरडला, “मामा! पाच शून्यं टाक, शून्यं!” पाच शून्यं टाकल्यावर फॉर्म समाधानाने पुढे गेला. एवढ्या मोठ्या कंपनीला शून्य चालतं, पूना चालत नाही.

खरा कागद म्हणजे सीआर, कमर्शियल रजिस्ट्रेशन. वाणिज्य मंत्रालयाचा कागद, वर शिक्का, वर बारकोड. पण तो अरबीत. आणि अरबी लिपीत ‘प’ नाही. ज्या दिवशी आधीच्या मालकाने नाव नोंदवलं, त्या दिवशी पूनाचं ‘बूना’ झालं आणि ‘न्यू’ चालत चालत शेवटी जाऊन ‘जदीद’ होऊन बसलं. सीआर म्हणतो ‘खय्यात बूना अल जदीद’. पेज म्हणतं ‘न्यू पूना टेलर्स’. दुकानावरच्या पाटीत उजवीकडे एक आणि डावीकडे दुसरं, दोन्ही एकाच पत्र्यावर एकाच ट्यूबलाइटखाली गुण्यागोविंदाने नांदतायत. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने “ही दोन दुकानं का?” असं विचारलं नाही. कंपनीने विचारलं.

कागद इंग्रजीत करून घ्यायला टायपिंग सेंटरमध्ये गेलो. तिथे मान खाली घालून टाईप करणारा माणूस गल्लीतल्या सगळ्यांची नावं ठरवतो. व्हिसा, भाडेकरार, कंपन्या, सगळं त्याच्या बोटांखालून जातं. त्याने भाषांतर करून शिक्का मारून दिलं. मी वाचलं: ‘अल बोना अल जदीदा फॉर टेलरिंग’.

“भाई, बोना नहीं, पूना.”

“अरबी में बा है. बा को पा कैसे लिखूँ? शिक्का मेरा है, जेल भी मैं जाऊँगा.”

त्याच्याही पोटाचा प्रश्न होता. मी बोना घेऊन परत आलो.

आता तीन नावं झाली होती. कंपनीने माझ्यावर एका सोंगाचा आरोप केला होता आणि मी स्वखर्चाने आणखी एक पैदा केलं होतं. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे कोर्टात उभा राहून प्रत्येक साक्षीदाराला ‘तो मी नव्हेच’ म्हणतो. फिरत्या रंगमंचावर पणशीकर त्यातली सगळी सोंगं भराभर बदलायचे. माझ्याकडे रंगमंच नाही, कपडे बदलायला फक्त ट्रायल रूम, आणि म्हणणं बरोबर उलटं: तो मीच आहे हो, पूनाही मी, बूनाही मी, बोनाही मीच.

वाटलं, कफीलांना सांगावं. आमचे कफील वयस्कर कतरी गृहस्थ. दुकानाच्या कागदांवर भागीदार म्हणून त्यांचं नाव आहे. त्यांच्या मजलिसमध्ये गेलो. गहवा आला, खजूर आले. मग मी सांगायला लागलो. पेज म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं,

“मुदीर कौन?”

“मुदीर नहीं है, बाबा. कंपनी अमेरिका में है.”

“मुदीर होता है. बाप का नाम बोलो, मैं फोन करता है.”

मी पुन्हा सांगितलं की, फोन नंबर नाही, माणूस नाही, बटण आहे. ते हळहळले. ज्याचा बाप माहीत नाही अशा कंपनीशी माझी गाठ पडली, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. निघताना त्यांनी खजुराचा डबा दिला. या प्रकरणात माझ्या हाती लागलेली ती पहिली ठोस गोष्ट.

दरम्यान, तक्रार केली कोणी, या प्रश्नाचं उत्तर आपोआप चालत दुकानात आलं. एक वहिनी आल्या. त्या जवळच राहतात, बँकेत आहेत. म्हणाल्या, “भाऊ, माझी नऊवारी तयार आहे ना? ॲडव्हान्स दिलाय मी.” मी वही काढली. मापांच्या वहीत त्यांचं पान होतं, पण दोन वर्षांपूर्वीचं, पोलक्याचं. ॲडव्हान्स कोणाला दिला, विचारल्यावर त्यांनी मोबाईल पुढे केला. पेज उघडं होतं. माझं पेज! नाव ‘न्यू पूना टेलर्स दोहा ऑफिशियल’. फोटो माझे. पुतळा माझा, त्याचा तुटलेला अंगठा माझा. त्यावर मास्टरने मोजपट्टीचा तुकडा गुंडाळलाय तो स्पष्ट दिसत होता. मागच्या भिंतीवर कालनिर्णय, त्यावर बायकोने गेल्या खेपेला केलेल्या दुधाच्या हिशेबाच्या पेन्सिलच्या खुणा. फक्त नंबर दुसरा.

हा प्रकार असा चालतो, हे भाच्याने तेव्हा सांगितलं. आधी तुमचे फोटो उचलून जुळं पेज काढायचं. मग तुम्हीच बनावट आहात अशी तक्रार करायची, एकट्याने नाही, चारपाच ठिकाणांहून. तक्रार करणाऱ्याचं नाव तुम्हाला कळत नाही. ट्रेडमार्कचा दावा असता तर समोरच्याचं नाव आणि तक्रार क्रमांक मिळाला असता, निदान भांडायला तोंड तरी मिळालं असतं. सोंगाच्या तक्रारीला तोंड नसतं. मूळ पेज बंद पडलं की गिऱ्हाईक नावाने शोधतं, आणि जे उरलंय तेच सापडतं.

“पण मामा, तुझं जुनं आहे हे सिद्ध करणं सोपंय. पेजच्या माहितीत ‘पेज ट्रान्स्परन्सी’ बघ.”

बघितलं. जुळं पेज कधी सुरू झालं, आधी त्याची नावं काय होती, चालवणारे कोणत्या देशात बसलेत, सगळं तिथे लिहिलेलं असतं. पेजचा जन्म परवापरवाचा. त्याआधी त्याचं नाव एका गाड्या विकणाऱ्या पेजचं होतं. चालवणाऱ्यांच्या देशांत कतारचं नावच नाही. मी टाळी वाजवली. मास्टरनेही वाजवली, नक्की कशासाठी ते न कळता.

“आता तुझ्या पेजची तारीख दाखव आणि दोन्ही शेजारी ठेव.”

मी माझं पेज उघडायला गेलो. पेज बंद. बंद पेजची माहितीही बंद. म्हणजे माझा जन्मदाखला त्यांच्याच कपाटात, कपाटाला त्यांचंच कुलूप, आणि तेच विचारतात, दाखला कुठंय?

त्या रात्री भाच्याने मला एक बातमी पाठवली, म्हणाला, तू एकटा नाहीस. अमेरिकेत इंडियानापोलिसला एक दिवाळखोरीचे खटले चालवणारे वकील आहेत. त्यांचं नाव मार्क झुकरबर्ग. फेसबुकच्या मालकाचं तेच नाव, पण हे त्याच्या आधीपासून झुकरबर्ग. मालक लहान पोर होता तेव्हा यांची वकिली सुरू झाली होती. तरी फेसबुकने त्यांच्या धंद्याचं पेज प्रसिद्ध माणसाचं सोंग घेतल्याच्या कारणावरून पुन्हा पुन्हा बंद केलं. आठ वर्षांत पाच वेळा, असं त्यांनी म्हटलंय. शेवटी सप्टेंबर २०२५मध्ये त्यांनी मेटावर खटला भरला. कंपनीने चूक झाली म्हणत खातं परत सुरू केलं. मला त्या वकिलांबद्दल आत्मीयता वाटली. पण सगळ्यात जास्त मला त्या बातमीतला एक तपशील आवडला: त्यांनी जाहिरातींवर हजारो डॉलर खर्च केले होते. पेज बंद, जाहिरातीचे पैसे मात्र जमा.

जाहिराती! मीही द्यायचो. दिवाळीच्या आधी, ईदच्या आधी, गणपतीच्या आधी. दहा-वीस रियालची ‘बूस्ट’ करायची, म्हणजे फोटो चार जास्त बायकांना दिसतो. आणि कंपनी पैसे घेतल्यावर दर वेळी ईमेलने पावती पाठवते. मी आयुष्यात एकही पावती उघडली नव्हती. आता बसून सगळ्या काढल्या. पहिली पावती काही वर्षांपूर्वीची, जुळ्या पेजच्या जन्माच्या कितीतरी आधीची. वर तारीख, खाली पेजचं नाव: न्यू पूना टेलर्स. पैसे घेणारी हीच कंपनी. पैसे घेताना मी मीच होतो, बोना-बूना काही आडवं आलं नव्हतं.

बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अहो, त्यांच्या हिशेबाच्या वहीत तुमचं नाव आहे म्हणजे झालं. आमच्या भिशीतही तसंच असतं.” तिच्या एका वाक्यात प्रकरण मिटलं. मला मात्र ते चौकोनात बसवायचं होतं.

फोटोंचाही पुरावा जोडायचा होता. पण मी सगळे फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवलेले. तिथून गेले की फोटोच्या पोटातली तारीख, वेळ, मोबाईलचं नाव सगळं गळून पडतं. मास्टरच्या जुन्या फोनमध्ये मूळ फोटो सापडला. काच तडकलेली, पण फोटो शाबूत. त्यात पुतळ्याच्या मागे पूर्ण कालनिर्णय, अर्धी इस्त्री आणि चहा पिणारे मास्टर असं सगळं होतं. चोराने मास्टरना कापून फक्त नऊवारी घेतली होती. मास्टर दुखावले. “मेरेको काट दिया? इतना अच्छा तो बैठा था!”

मग दुकान आणि पाटी जोडणारा कागद. टायपिंग सेंटरवाला बोना सोडायला तयार नव्हता, पण त्याच्याच डोक्यातून उपाय निघाला. दुकानाच्या परवान्याबरोबर पाटीच्या मंजुरीचाही कागद असतो आणि पाटीवर दोन्ही नावं छापलेली असतात. भाषांतर जसं आहे तसं ठेवायचं, त्याला पाटीचा फोटो जोडायचा, आणि पत्रात सांगायचं, उजवीकडचं तेच डावीकडचं. फॉर्मवर फाईल एकच चढत होती, म्हणून सगळी पानं एकाखाली एक लावून एकच मोठा फोटो केला. एवढा लांब, की उलगडला तर त्यात एक परकर बसला असता.

शेवटी पत्र. अप्पा, भाचा आणि मी, तिघं एका व्हिडिओ कॉलवर. अप्पा प्रत्येक वाक्याला ‘सविनय’ लावायचे, भाचा प्रत्येक ‘सविनय’ खोडायचा. “अप्पा, नम्रतेची अक्षरं मोजली जातात.” अप्पा म्हणाले, “आमच्या वेळी उर्मटपणाची मोजली जायची.” तासाभराच्या झटापटीनंतर जे उरलं, ते इंग्रजीत गेलं. मराठीत सांगायचं तर असं:

‘हे पेज दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या शिवणकामाच्या दुकानाचं आहे. आम्ही दुसऱ्या कोणाचं सोंग घेतलेलं नाही. सोबतच्या नोंदणीपत्रात दुकानाचं अरबी नाव आहे. पाटीच्या फोटोत तेच नाव आणि ‘न्यू पूना टेलर्स’ हे नाव एकत्र दिसतं. नोंदणीपत्राच्या दुसऱ्या पानावर माझं नाव आहे, ते ओळखपत्राशी जुळतं. या पेजच्या जाहिरातींच्या तुमच्याच पावत्या जोडल्या आहेत. सगळ्यात जुन्या पावतीची तारीख बघावी. आमचे फोटो वापरणारं दुसरं पेज त्यानंतर सुरू झालं असून त्याच्या माहितीत आधीचं नाव वेगळं आहे. त्याचा दुवा खाली दिला आहे. मूळ न कापलेला फोटो जोडला आहे. पेज पूर्ववत करावं.’

अप्पांनी वाचून चष्मा काढला. “यात विनंती कुठंय?”

“अप्पा, ‘करावं’ म्हटलंय ना.”

“हा अर्ज नाही, हे बिल आहे,” ते म्हणाले. पण पाठवू दिलं. भाऊसाहेबांच्या तोतयाला जागा उरली नव्हती, त्याची त्यांना बरेच दिवस रुखरुख होती. जिल्हाधिकाऱ्यांना प्रत त्यांनी स्वतः पोस्टाने पाठवली की काय, अशी मला अजून शंका आहे.

या खेपेला चहा निवला, दुसरा आला, तोही निवला, रात्र गेली, आठवडा सरकला. अपिलाला १८० दिवसांची मुदत होती, पण उत्तराला कसलीच नव्हती. मध्ये मी मोबाईल इतक्या वेळा बघत होतो की एका बाईंच्या बाहीला हुक लावून ठेवले. त्या म्हणाल्या, “नवीन फॅशन आहे का?” मी हो म्हणालो. त्यांनी मैत्रिणीलाही पाठवलं.

आणि एका मध्यरात्री निरोप आला. आम्ही पुन्हा तपासणी केली, तुमचं पेज नियमांत बसतं. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. खाली एक प्रश्नही होता: तुमचा अनुभव कसा होता? पाच चांदण्यांपैकी निवडा. मी अप्पांना उठवलं. अप्पा म्हणाले, “पाच दे. पुन्हा काम पडतं.”

पेज उघडलं. सगळे फोटो जागेवर होते, ‘प्राइस?’ विचारणाऱ्या सगळ्या बायका जागेवर होत्या, महिनाभराच्या तुंबलेल्या. मग मी जुळ्या पेजविरुद्ध तक्रार केली. आता कागद तयार होते, पुरावे रचलेले होते. उत्तर लगेच आलं: आम्ही बघितलं, हे पेज आमच्या नियमांविरुद्ध नाही. उत्तराच्या खालीच सुचवलं होतं: तुम्हाला हेही पेज आवडेल. तेच होतं.

आता आम्ही दोघंही चालू आहोत. ॲडव्हान्स बुडालेल्या वहिनींची नऊवारी मी पदरचे पैसे घालून शिवून दिली. नाव माझं होतं, नाइलाज होता. त्या न्यायला आल्या, आरशात फिरून बघितलं, खूश झाल्या. आरसा बारीक दाखवतो तो अशा वेळी उपयोगी पडतो. उरलेले पैसे द्यायला पर्स काढता काढता म्हणाल्या,

“भाऊ, राग नका मानू. पण त्या दुसऱ्या पेजवरचा मुलगा मेसेज केला की दहा मिनिटांत उत्तर द्यायचा. किती गोड बोलायचा! तुम्हाला विचारलं की दोन दिवस ‘इनबॉक्स प्लीज’. त्यालाच कामाला का नाही ठेवत?”

मी मास्टरकडे बघितलं. मास्टर ओव्हरलॉकच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाले, “रख लो सेठ. डिलिव्हरी का तारीख भी आप से अच्छा बोलता है.”